पटकीची लस आणि सोडतीचा न्याय

एखादी लस गुणकारी आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या विधानामागे नेहमी एक तुलना दडलेली असते. लस घेतलेल्यांपैकी इतके आजारी पडले, न घेतलेल्यांपैकी तितके पडले, आणि या दोन आकड्यांतील अंतर हे लशीचे कर्तृत्व, असा तो युक्तिवाद असतो. आकडे खरे असले म्हणजे युक्तिवादही खरा ठरतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. आकडे अक्षरशः खरे असूनही त्यांतून काढलेला निष्कर्ष निराधार असू शकतो. तो साधार व्हावयाचा असेल तर माणसांची वाटणी कशी झाली, उरलेल्यांना काय दिले आणि कोणाला काय ठाऊक होते, या तीन गोष्टींची व्यवस्था प्रयोगाच्या आरंभीच करावी लागते. कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, या एकाच शहरात एकाच रोगावर सुमारे 112 वर्षांच्या अंतराने झालेले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, तर ही गोष्ट फारशी परिभाषा न वापरताही स्पष्ट होते.

पहिला प्रयोग वाल्डेमार हाफकिन यांचा. मुंबईच्या प्लेगमुळे आणि परळच्या संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. परंतु मुंबईला येण्यापूर्वी हाफकिन पटकीच्या लशीचे काम करीत होते आणि त्या कामाचे एक प्रमुख क्षेत्र कलकत्ता हे होते. 1894 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस तेथील काठालबागान नावाच्या बस्तीत पटकीने माणसे दगावू लागली. वस्ती सुमारे 200 माणसांची. त्यांपैकी 116 जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे आणखी सुमारे दहा रोगी झाले, त्यांतील सात मरण पावले, आणि हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते.

याहून बोलका पुरावा कोणता, असे कोणासही वाटेल. हा केवळ योगायोग असेल काय, हे प्रथम पाहावे. लस न घेतलेली माणसे सुमारे 84, म्हणजे शेकडा 42. लशीचा काहीही उपयोग नाही आणि मृत्यू कोणालाही सारख्याच शक्यतेने येतो असे धरले, तर सातही मृत्यू नेमके या 84 जणांतच होण्याची शक्यता 0.42 हा अंक सात वेळा आपसांत गुणून मिळते. ती सुमारे चारशेंत एक इतकी अल्प भरते. तेव्हा निव्वळ योगायोग ही सबब फारशी टिकत नाही.

परंतु येथेच खरी मेख आहे. योगायोग बाजूला सारला म्हणजे लस सिद्ध झाली असे होत नाही. दोन गटांत लशीवाचून अन्य फरक होता काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. लस कोणी घेतली? जे पुढे आले त्यांनी. पुढे येणारी माणसे बहुधा धडधाकट आणि सावध असतात; कदाचित पाण्याच्या बाबतीतही दक्ष असतात. जो आधीच अस्वस्थ होता, ज्याच्या शरीरात रोग शिरून चुकला होता, तो सुईपुढे येण्याची शक्यता कमी, आणि असा मनुष्य दोन दिवसांनी दगावला की त्याची नोंद मात्र ‘लस न घेतलेला’ म्हणून व्हावयाची. शिवाय पटकी पाण्यातून पसरते. एका तळ्यावर पाणी भरणारी चार घरे लशीपासून दूर राहिली आणि नेमके तेच तळे दूषित असले, तर सात मृत्यू हे सात स्वतंत्र साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराने सात वेळा दिलेली जबानी ठरते. वर केलेला चारशेंत एकाचा हिशेबही मग कोसळतो, कारण प्रत्येक मृत्यू स्वतंत्र आहे असे त्यात गृहीत धरले होते.

हाफकिन यांना हे कळत नव्हते असे नाही. एकाच घरातील काहींनी लस घेतलेली आणि काहींनी न घेतलेली असली, तरच तुलनेला अर्थ येतो हे त्यांनी ओळखले होते आणि तशा घरांच्या नोंदी ते कटाक्षाने ठेवीत. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी पुष्कळच पुढची होती. तथापि घर एक झाले तरी त्या घरातील कोणी लस घ्यावी हे माणसेच ठरवीत होती. 1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि पटकी यांच्या लशींच्या आकड्यांचे परीक्षण केले, तेव्हा त्यांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले: दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असले पाहिजेत, रोगाशी त्यांचा संपर्क सारखा असला पाहिजे, आणि मनुष्य लस घेतलेला आहे काय व तो आजारी पडला काय, या दोन गोष्टींचा निर्णय एकमेकांपासून अलिप्तपणे झाला पाहिजे. या अटी पाळल्या जातात त्या प्रयोगाला अंतर्गत प्रामाण्य आहे असे म्हणतात. प्रयोगात दिसलेला फरक प्रयोगात दिलेल्या वस्तूमुळेच पडला असे निःशंकपणे म्हणता येणे, एवढाच या शब्दाचा अर्थ.

आता दुसरा प्रयोग. 2006 साली कोलकात्याच्या दाट झोपडवस्त्यांत पोटात घ्यावयाच्या पटकीच्या लशीची चाचणी झाली. कोलकात्याची राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्था आणि सोलची आंतरराष्ट्रीय लस संस्था यांनी ती हाती घेतली होती. लस मृत जंतूंपासून तयार केलेली, दोन मात्रांमध्ये चौदा दिवसांचे अंतर. एक वर्षावरील रहिवासी पात्र. गरोदर स्त्रियांना वगळलेले. अशी पात्र माणसे 1,07,774 होती, आणि त्यांपैकी 66,900 जणांनी दोन्ही मात्रा घेतल्या.

कोणाला लस मिळावी हे येथे कोणाही माणसाने ठरविले नाही. ते सोडतीने ठरले. ही सोडत एकेका माणसाची नसून एकेका निवासस्थानाची होती. 3,933 निवासस्थानांपैकी सुमारे निम्मी लशीच्या वाट्याला आली, उरलेली तुलनागटात गेली. एका छपराखालच्या सर्वांना एकच वस्तू मिळाली. सोडतीचा गुण असा की ती कोणाचेही गुणदोष पाहत नाही. स्वच्छ घर, अस्वच्छ घर, नळाजवळचे घर, गटाराजवळचे घर, श्रीमंत, दरिद्री, सावध, निष्काळजी, सारी दोन्ही बाजूंना सारख्याच शक्यतेने पडतात. अधिक महत्त्वाचे असे की, ज्या भेदांची कोणाला कल्पनाही नसते तेही याच रीतीने विभागले जातात. गणिताने दुरुस्ती करावयाची तर भेद आधी ठाऊक असावा लागतो आणि मोजलेला असावा लागतो. सोडतीला तसे ज्ञान लागत नाही. वाटणीची यादी आधीच तयार होऊन बंद झालेली असणे मात्र अत्यावश्यक असते. पुढचे घर कोणत्या बाजूला जाणार हे दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला कळले, तर एखाद्या रोगट बालकाच्या घराला ‘उद्या येतो’ म्हणून टाळण्याचा मोह होतो, आणि सोडत नावापुरती उरते.

एकाआड एक घर घ्यावे, म्हणजे सोडतीची कटकट नको, असा सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो. याच जातीच्या लशीची 1992–93 मध्ये व्हिएतनाममधील ह्यू शहरात जी चाचणी झाली, तीत घरे अशीच एकाआड एक घेतली होती. दुसऱ्या बाजूला काहीच दिलेले नव्हते, आणि त्यामुळे कोणाला लस मिळाली हे उघड होते. तीत शेकडा 66 संरक्षण आढळले. हा आकडा पुढे कोलकात्याच्या आकड्याशी जवळजवळ जुळला. म्हणून कोलकात्याची चाचणी व्यर्थ होती असे म्हणणे मात्र चूक ठरेल. सदोष तराजूनेही एखादे वेळी वजन बरोबर येते. परंतु ते बरोबर आले हे चोख तराजूवर तोलल्यानंतरच कळते.

दुसरी व्यवस्था तुलनागटाची. कोलकात्यात या गटाला रिकामे ठेवले नाही. त्यांना लशीसारखाच दिसणारा द्रव दोन वेळा पाजला. तो उष्णतेने मारलेल्या एका निरुपद्रवी आतड्यातील जंतूचा होता, आणि पटकीविरुद्ध त्याचा काही उपयोग नव्हता. अशा मात्रेला प्लासिबो म्हणतात. साधे पाणी दिले असते तर गढूळ द्रव आणि स्वच्छ पाणी यांतील फरक पहिल्याच दिवशी साऱ्या वस्तीला कळला असता. कुप्यांवर केवळ संकेतचिन्ह होते. कोणत्या चिन्हाखाली काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, देणाऱ्याला नव्हते, आणि रोग्याला तपासणाऱ्यालाही नव्हते. या व्यवस्थेला दुहेरी अंधता म्हणतात.

या अंधतेची पटकीच्या चाचणीत एवढी गरज का, हे रोगी मोजले कसे जातात ते पाहिले म्हणजे समजते. ज्याला जुलाब होऊन तो उपचारासाठी दवाखान्यात आला आणि ज्याच्या मलाच्या तपासणीत पटकीचा जंतू सापडला, तोच रोगी धरला जाई. म्हणजे रोगी मोजला जाण्यापूर्वी दोन माणसांचे निर्णय घडावयाचे: एक आईचा, मुलाला दवाखान्यात न्यावे की घरीच मीठसाखरेचे पाणी पाजावे, दुसरा दवाखान्यातील माणसाचा, तपासणीसाठी नमुना घ्यावा की न घ्यावा. आपल्या मुलाला लस मिळाली आहे हे आईला ठाऊक असते, तर ती अधिक धीराने घरीच थांबली असती. आणि लस घेतलेल्याला पटकी कशी होईल, या विचाराने नमुना घ्यावयाचा राहूनही गेला असता. यात कोणी खोटे बोलले असे होत नाही. तरीही लशीच्या बाजूचे रोगी नाहीसे होतात. अंधतेमुळे या निर्णयांतील चुका दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या जातात.

आता आकडे पाहावेत. दोन्ही मात्रा घेतलेल्यांत लशीच्या बाजूला 31,932 माणसे होती आणि प्लासिबोच्या बाजूला 34,968. सोडत घरांची असल्यामुळे हे आकडे काटेकोर सारखे नाहीत, आणि ते तसे असण्याची गरजही नाही. दोन वर्षांत पहिल्या बाजूला पटकीचे 20 रोगी झाले, दुसऱ्या बाजूला 68. प्लासिबोच्या बाजूचे प्रमाण लशीच्या बाजूला लावले तर तेथे सुमारे 62 रोगी व्हावयास हवे होते. झाले 20. म्हणजे 42 रोगी कमी. या बेचाळीसांचा हिशेब देणे हेच चाचणीचे सारे काम. माणसेच मुळात वेगळी होती काय? सोडतीने तो मार्ग बंद केला. रोगी झाले पण नोंदले गेले नाहीत काय? अंधतेने तो मार्ग बंद केला. निव्वळ योगायोग? एका घरातील माणसे एकच पाणी पितात म्हणून 66,900 साक्षी पूर्णपणे स्वतंत्र नाहीत, हे लक्षात घेऊन गणित केले तरी योगायोगाने एवढे अंतर पडणे संभवत नव्हते. तीन दारे बंद झाल्यावर उरते ती लस. प्रसिद्ध झालेला आकडा शेकडा 67 संरक्षणाचा आहे. काठालबागानमध्ये एकही लस घेतलेला दगावला नव्हता, येथे लस घेतलेल्या वीस जणांना पटकी झाली. तरीही विश्वास ठेवावयाचा तो या दुसऱ्या, कमी चमकदार आकड्यावर.

अर्थात ही यंत्रणा निर्दोष आहे असे नव्हे. पात्र माणसांपैकी सुमारे 41,000 जणांनी दोन मात्रा पुऱ्या केल्याच नाहीत, आणि वर तुलना झाली ती पुऱ्या करणाऱ्यांची. सोडतीनंतर जी माणसे गळतात, ती सोडतीने गळत नाहीत. स्वतःच्या कारणांनी गळतात. लशीने उलट्या होऊ लागल्या असत्या आणि अशक्त माणसांनी दुसरी मात्रा नाकारली असती, तर लशीच्या बाजूला केवळ सशक्त उरले असते आणि सोडतीने साधलेला समतोल बिघडला असता. हे घडले काय हे ओळखण्याची रीत अशी की, दोन्ही बाजूंची गळती किती व कोणत्या माणसांची झाली ते ताडून पाहावे, आणि ज्याला जे नेमून दिले होते त्याच बाजूला त्याला ठेवून, त्याने मात्रा घेतली असो वा नसो, हिशेब पुन्हा मांडावा. दोन्ही हिशेब एकाच दिशेने बोलले तर चिंता नको. आणखी एक कसोटी आहे. पटकीव्यतिरिक्त जंतूंनी होणारे जुलाब दोन्ही गटांत सारखे असावयास हवेत. लशीच्या गटात तेही कमी आढळले, तर लशीच्या गुणाऐवजी नोंदीतील दोष पुढे आला असे समजावे.

याहून सूक्ष्म असा एक धोका संसर्गजन्य रोगांच्या चाचण्यांतच आढळतो. शेजाऱ्याने लस घेतली की पाण्यात जाणारे जंतू कमी होतात, आणि त्याचा लाभ प्लासिबो घेतलेल्यालाही मिळतो. बांगलादेशातील मतलब येथे 1985 मध्ये जी चाचणी सुरू झाली, तिच्या आकड्यांचा 2005 मध्ये फेरविचार झाला, तेव्हा ही गोष्ट लख्ख दिसली. ज्या भागांत सर्वांत थोड्या लोकांनी लस घेतली होती, तेथे प्लासिबो घेतलेल्यांत दर हजारी सुमारे 7 जणांना पटकी झाली होती. जेथे सर्वांत अधिक लोकांनी घेतली होती, तेथे हेच प्रमाण दर हजारी दीडवर आले होते. त्या भागात दोन गटांची नुसती तुलना केली तर लस जवळजवळ निरुपयोगी दिसते, कारण तिने सर्वांनाच वाचविलेले असते. सोडत व्यवस्थित झाली, अंधताही पाळली, तरी येथे निष्कर्ष फसतो. यावर उपाय सोडतीचे एकक बदलणे हा होय. कोलकात्यातच 2004 साली विषमज्वराच्या लशीची जी चाचणी सुरू झाली, तीत घराऐवजी वस्तीचे 80 विभाग पाडून त्या विभागांची सोडत काढली होती. लशीच्या विभागांत राहणाऱ्या परंतु लस न घेतलेल्या माणसांनाही शेकडा 44 संरक्षण मिळाल्याचे त्यामुळे मोजता आले. घराघराच्या सोडतीत ते मोजणे अवघड असते.

विषमज्वराच्या त्या चाचणीत आणखी एक गोष्ट अनुकरणीय होती. तुलनागटाला निरुपयोगी द्रव न देता काविळीच्या एका प्रकाराविरुद्धची, हेपटायटिस ‘अ’ ची, लस दिली होती. अंधता राखली गेली आणि कोणी रिकाम्या हाताने परतले नाही. जेथे शक्य आहे तेथे तुलनागट असाच असावा. प्लासिबोविरुद्ध नेहमी जो आक्षेप घेतला जातो, की काही माणसांना जाणूनबुजून लशीवाचून ठेवले, त्याला हे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर असे की, लस गुणकारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. ह्यूचा पुरावा उघड आणि एकाआड एक घरांचा होता, आणि नव्याने सुधारून तयार केलेल्या लशीला तो जसाच्या तसा लागूही नव्हता. शंका खरी असते तेव्हाच सोडत न्याय्य असते. शंका फिटल्यावरही प्लासिबो देत राहणे हा अपराध ठरेल.

याउलट, सोडतीवाचून काहीच सिद्ध होत नाही असा हट्ट धरणेही योग्य नाही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने हाहाकार उडाला असताना कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी पिण्यास देण्याचा धडाका लावला, आणि शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा 3.6 वर आले. तेथे सोडत नव्हती, प्लासिबो नव्हता, आणि ते नव्हते हेच योग्य होते. कोमेजलेला रोगी काही तासांत उठून बसतो हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांना दिसत होते. लशीचे तसे नाही. कोलकात्यात दोन वर्षांत प्लासिबोच्या बाजूला दर हजारी सुमारे दोघांना पटकी झाली, लशीच्या बाजूला दर हजारी एकालाही पुरती नाही. उरलेली जवळजवळ सारी माणसे दोन्हीकडे सारखीच निरोगी. हा फरक कोणाही डॉक्टरच्या, कितीही अनुभवी असला तरी, दृष्टीस पडणे शक्य नाही. कोणी वाचला हे दिसतच नाही. न आलेला रोगी दवाखान्याच्या दारात उभा राहत नसतो. ज्या परिणामाला डोळे पुरत नाहीत, तेथेच सोडत अपरिहार्य होते.

पाच वर्षांचा हिशेब पुरा झाला तेव्हा लशीच्या बाजूला 69 आणि दुसऱ्या बाजूला 219 रोगी झाले होते. संरक्षण शेकडा 65 वर टिकले होते. परंतु पाच वर्षांखालील बालकांत ते शेकडा 42 एवढेच भरले. ही लस लहानांना मोठ्यांइतकी राखत नाही, हे अप्रिय सत्यही त्याच सोडतीने सांगितले. 1894 च्या बस्तीत हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. गुण सांगणारी रीत जेव्हा उणीवही तितक्याच निर्विकारपणे सांगते, तेव्हाच तिने सांगितलेल्या गुणावर भिस्त ठेवता येते.